एकशे सात दिवसांचे व्याज

पुण्याजवळच्या एका उपनगरात शिवणकामाचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका बाई आहेत असे धरू. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या तोंडावर गणवेशांची ऑर्डर येते, कापड रोखीने आणावे लागते आणि शाळेकडून पैसे मिळतात ते महिन्या-दोन महिन्यांनी. मधली ही खिंड ओलांडण्यासाठी त्यांनी १० जून २०२५ रोजी बांगड्या तारण ठेवून परवानाधारक सावकाराकडून ६०,००० रुपये घेतले. दर ठरला दरसाल दरशेकडा १५ रुपये, व्याज सरळ. २५ सप्टेंबरला, नवरात्र सुरू झाल्यावर, त्यांनी पैसे परत करून बांगड्या सोडवल्या. प्रश्न साधा आहे : त्यांनी व्याज किती द्यायचे?

पाचवी-सहावीपासून प्रत्येकाने हे गणित केलेले असते. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. पाठ्यपुस्तकातली मुदत मात्र नेहमी समजूतदार असते, दोन वर्षे, तीन वर्षे, फार तर अडीच. खऱ्या आयुष्यातले छोटे कर्ज तसे वागत नाही. ते दहा तारखेला सुरू होते आणि पंचवीस तारखेला संपते. त्याला वर्षात मोजता येत नाही आणि महिन्यात मोजायला गेले की वाद सुरू होतो, कारण महिना कधी तीस दिवसांचा, कधी एकतीसचा आणि फेब्रुवारी तर अठ्ठावीसचाच.

म्हणून अशा कर्जाची मुदत दिवसांत मोजतात आणि वर्ष ३६५ दिवसांचे धरतात. दर वर्षाचा आहे, मुदत दिवसांची आहे, तेव्हा मुदतीला ३६५ ने भागून तिचे वर्षात रूपांतर करायचे. शंभर आणि ३६५ हे दोन्ही भाजक एकत्र केले की ३६,५०० होतात. बँकेत जुन्या काळी खातेवही हाताने लिहिणाऱ्या कारकुनांना हा आकडा तोंडपाठ असे.

```
व्याज = मुद्दल × दर × दिवस ÷ 36500
```

आता दिवस मोजायचे. इथेच पहिली ठेच लागते. १० जूनला पैसे घेतले आणि २५ सप्टेंबरला दिले, तर दोन्ही तारखा मोजायच्या की एकच? उत्तर एकच. आज घेतलेले पैसे उद्या परत केले तर ते एक दिवस वापरले, दोन दिवस नाही. म्हणून घेतल्याचा दिवस सोडायचा आणि दिल्याचा धरायचा, किंवा उलट करायचे. पण दोन्ही धरायचे नाहीत. १० जून सोडला तर जूनचे २० दिवस उरतात. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे २५. बेरीज १०७.

साठ हजार गुणिले पंधरा म्हणजे नऊ लाख. त्याला १०७ ने गुणले की नऊ कोटी त्रेसष्ट लाख होतात आणि ३६,५०० ने भागले की २,६३८ रुपये ३६ पैसे. हे बाईंचे व्याज.

ज्यांना एवढे मोठे आकडे लिहायला नको वाटतात, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. नऊ लाखांना आधीच ३६,५०० ने भागले तर एका दिवसाचे व्याज मिळते, २४ रुपये ६६ पैसे. त्याला १०७ ने गुणले की काम झाले. मात्र असे केले तर उत्तर २,६३८ रुपये ६२ पैसे येते, म्हणजे सव्वीस पैसे जास्त. एका दिवसाची रक्कम पूर्ण पैशात बसवताना जो अंश वर ढकलला गेला, तो १०७ वेळा वाढला. सव्वीस पैशांसाठी कोणी भांडत नाही. पण कर्जे शेकडो असतील तर हा फरक हिशेबनिसाच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून रक्कम पूर्णांकात आणायची ती अगदी शेवटी.

या एका दिवसाच्या आकड्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. बाईंना २५ तारखेऐवजी ३० तारखेला पैसे द्यावेसे वाटले तर त्या पाच दिवसांची किंमत काय, हे त्यांना लगेच कळते : सुमारे १२३ रुपये. उशीर परवडतो की नाही हे ठरवायला एवढे पुरते.

हिशेब इतका सोपा असूनही प्रत्यक्षात व्याजाचे आकडे निरनिराळे निघतात. त्याचे कारण बहुतेक वेळा गुणाकारातली चूक नसते, दिवस कसे धरले यात ते दडलेले असते. आणि गंमत अशी की मागितलेल्या व्याजावरून ते उलट शोधून काढता येते. सूत्र उलटे करायचे :

```
दिवस = व्याज × 36500 ÷ (मुद्दल × दर)
```

समजा, बाईंकडे २,६६३ रुपये मागितले. २,६६३ ला ३६,५०० ने गुणून नऊ लाखांनी भागले की जवळपास बरोबर १०८ येतात. म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा मोजल्या गेल्या. एका दिवसाचे पंचवीस रुपये जास्त लागले.

समजा, ३,००० मागितले. उलट्या सूत्रातून १२१ दिवस आणि वर काही अंश निघतो. १२१ दिवस कुठल्याच तारखांमध्ये बसत नाहीत, पण ३,००० ही रक्कम नऊ हजार वार्षिक व्याजाचा बरोबर तिसरा हिस्सा आहे. म्हणजे मुदत सरसकट चार महिने धरली. साडेतीन महिन्यांच्या कर्जाला चार महिन्यांचे व्याज लावण्याची ही पद्धत बाजारात नवी नाही. महिना सुरू झाला की पूर्ण महिन्याचे व्याज, मग पैसे पंधरा दिवसांतच परत आले तरी. चौदा दिवसांचे कर्ज असेल तर या एका रिवाजाने व्याज दुपटीच्या वर जाते.

समजा, २,६७५ मागितले. उलट हिशेबात १०८ आणि वर जवळपास अर्धा दिवस येतो. अर्धा दिवस कोणी मोजत नाही, तेव्हा भाजकातच काहीतरी वेगळे आहे असे समजावे. ३६,५०० च्या जागी ३६,००० ठेवून पाहिले की १०७ दिवस चोख निघतात. दिवस कॅलेंडरचे मोजले, पण वर्ष ३६० दिवसांचे धरले. ३६० ला बारा महिन्यांनी, चारांनी, सहांनी बरोबर भाग जातो, म्हणून आकडेमोड हाताने होत असे तेव्हा तो सोयीचा होता. डॉलरच्या बाजारात आजही अल्पमुदतीच्या कर्जाला वर्ष ३६० दिवसांचेच धरतात, त्यामुळे डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्या निर्यातदाराला हा हिशेब परका नसतो. पौंडाच्या आणि रुपयाच्या बाजारात मात्र ३६५ चालतात. रिझर्व्ह बँक सरकारसाठी जी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले विकते, त्यांच्यावरचा परतावाही ३६५ दिवसांच्या वर्षावरच काढतात. साडेतीन महिन्यांच्या साठ हजारांवर या फरकाने ३७ रुपये जातात. टक्केवारीत सांगायचे तर १५ च्या जागी १५.२१ टक्के दर लागल्यासारखे होते.

आणि समजा, २,७६१ रुपये ६४ पैसे मागितले. उलट सूत्र ११२ दिवस दाखवते, पाच दिवस जास्त. हे पाच दिवस कुठून आले? कर्ज मंजूर झाले ५ जूनला, पैसे हातात पडले १० जूनला, आणि व्याज मात्र मंजुरीच्या तारखेपासून लावले. हा प्रकार काल्पनिक नाही. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी बँका, सहकारी बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना उद्देशून एक परिपत्रक काढले. तपासणीत आपल्याला काय आढळले ते त्यात स्पष्ट लिहिलेले आहे : काही संस्था पैसे प्रत्यक्ष देण्याच्या तारखेऐवजी मंजुरीच्या किंवा करारावर सह्या झाल्याच्या तारखेपासून व्याज लावतात. काही जण चेकवरची तारीख धरतात आणि चेक ग्राहकाच्या हातात काही दिवसांनी देतात. महिन्याच्या मध्येच कर्ज दिले किंवा फिटले तरी काही जण पूर्ण महिन्याचे व्याज घेतात. एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेऊनही व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजणारेही सापडले. अशा प्रकारे घेतलेले जादा व्याज ग्राहकांना परत करायला लावल्याचेही त्या परिपत्रकात म्हटले आहे.

या सगळ्यांत दर कुठेही बदललेला नाही. कागदावर पंधरा टक्केच आहेत. त्यामुळे कर्ज घेणारा माणूस कागद पाहून निश्चिंत होतो आणि फरक दिवसांच्या रकान्यात झिरपत राहतो. कर्जाच्या पावतीवर दर ठळक असतो, रक्कम ठळक असते. दिवसांची संख्या मात्र पुष्कळदा लिहिलेलीच नसते. विचारायला हवी ती नेमकी तीच.

दिवस मोजायला कॅलेंडरवर बोट ठेवण्याची गरज राहिलेली नाही. मोबाइलमधल्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दोन तारखांची वजाबाकी केली की दिवस मिळतात :

```
=DATE(2025,9,25)-DATE(2025,6,10)
```

उत्तर १०७ येते. वजाबाकी एकच टोक मोजते, त्यामुळे दोन तारखांचा घोळ आपोआप टळतो. त्याच स्प्रेडशीटमध्ये `DAYS360` नावाचे एक फलन आहे, त्यापासून जपून राहावे. ते प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरते आणि याच तारखांसाठी १०५ दिवस सांगते.

आता बाईंच्या कर्जात एक वळण घालू. १५ जुलैला एका शाळेचे पैसे आले आणि त्यांनी त्यातले २०,००० लगेच भरले. उरलेले २५ सप्टेंबरला. अशा वेळी मुदतीचे दोन तुकडे करायचे. १० जून ते १५ जुलै हे ३५ दिवस साठ हजार बाहेर होते. १५ जुलै ते २५ सप्टेंबर हे ७२ दिवस चाळीस हजार बाहेर होते. दोन्ही तुकड्यांचे दिवस मिळून पुन्हा १०७ होतात की नाही हे आधी पाहून घ्यावे, कारण तुकडे पाडताना मधली तारीख दोनदा मोजली जाण्याची शक्यता असते.

प्रत्येक तुकड्यात रकमेला दिवसांनी गुणायचे. पहिल्याचे २१ लाख, दुसऱ्याचे २८ लाख ८० हजार. बेरीज ४९ लाख ८० हजार. या बेरजेला दराने एकदाच गुणायचे आणि ३६,५०० ने एकदाच भागायचे. व्याज येते २,०४६ रुपये ५८ पैसे. वीस हजार बहात्तर दिवस आधी दिल्याने ५९१ रुपये ७८ पैसे वाचले. खात्यात दहा वेळा पैसे आले-गेले तरी हीच रीत चालते. बचत खात्यावर १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज मिळू लागले, तेही याच तत्त्वावर : जितके रुपये जितके दिवस होते, तितकेच.

या हिशेबात मात्र एक गोष्ट गृहीत धरली आहे. बाईंनी दिलेले वीस हजार पूर्णपणे मुद्दलात जमा झाले आणि व्याज शेवटी एकदम घेतले, असे आपण मानले. देणाऱ्याची रीत पुष्कळदा निराळी असते. मधे पैसे आले की आधी त्या दिवसापर्यंतचे व्याज वळते करतात आणि उरलेले मुद्दलात टाकतात. १५ जुलैपर्यंतचे व्याज होते ८६३ रुपये. ते वजा जाता मुद्दल वीस हजारांनी नाही, १९,१३७ रुपयांनी उतरते आणि ४०,८६३ शिल्लक राहते. पुढचे ७२ दिवस व्याज या शिलकेवर. एकूण व्याज होते २,०७२ रुपये ११ पैसे, म्हणजे पंचवीस-सव्वीस रुपये जास्त. यात फसवणूक नाही. व्याज आधी, मुद्दल नंतर ही जुनी आणि सर्वमान्य प्रथा आहे. पण कोणती रीत लावणार हे पैसे घेतानाच ठरलेले असले की शेवटी हुज्जत होत नाही.

सरळ व्याजाची हद्द कुठे संपते हेही पाहायला हवे. बँकांची बहुतेक कर्जे महिन्याच्या महिन्याला व्याज आकारतात, आणि ते भरले नाही तर पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज चढते. तिथे वरचे सूत्र फक्त एका महिन्याच्या आतल्या दिवसांपुरते लागू पडते. पूर्ण मुदतीला ते लावले तर उत्तर कमी येईल. शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या पीककर्जाची गोष्ट वेगळी. शेतीचे उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येत नाही, म्हणून मुदत संपलेली नसताना त्यावर चक्रवाढ लावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे धोरण आहे. विकास सोसायटीतून मे महिन्यात उचललेल्या आणि मार्चमध्ये फेडलेल्या पीककर्जाला म्हणूनच दिवसांचे हेच गणित शोभते. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राकडून मिळणारी ३ टक्के व्याजसवलतसुद्धा कर्ज दिल्याच्या तारखेपासून फेडीच्या तारखेपर्यंत मोजली जाते, जास्तीत जास्त एक वर्ष.

लीप वर्षाचा प्रश्न चाणाक्ष वाचकाच्या मनात आलाच असेल. २९ फेब्रुवारी मुदतीत आला तर तो दिवस म्हणून मोजायचा, कारण त्या दिवशीही पैसे वापरात होते. भाजक मात्र करारात ३६५ लिहिला असेल तर ३६५ च राहतो. त्यामुळे लीप वर्षभर ठेवलेल्या साठ हजारांवर ९,००० ऐवजी ९,०२४ रुपये ६६ पैसे व्याज होते. काही संस्था लीप वर्षात ३६६ ने भागतात. पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये आहे, तोवर या वादाला सवड आहे.

दोन खर्च असे आहेत, जे दिवसांच्या सूत्रात दिसत नाहीत पण छोट्या कर्जात जड पडतात. पहिला शुल्काचा. दागिन्याच्या मूल्यांकनाचे आणि कागदपत्रांचे म्हणून बाईंकडून ३०० रुपये घेतले असते, तर ते १०७ दिवसांच्या साठ हजारांवर वर्षाच्या हिशेबाने १.७ टक्क्यांएवढे होतात. पंधराचा दर पावणेसतरा होतो. वर्षभराच्या कर्जात हेच तीनशे रुपये अर्धा टक्काच ठरले असते. मुदत जितकी तोकडी, तितके ठोक शुल्क महाग. दुसरा खर्च आगाऊ कापलेल्या व्याजाचा. २,६३८ रुपये आधीच कापून ५७,३६२ हातात दिले, तर व्याज साठ हजारांचे आणि वापर साडेसत्तावन्न हजारांहूनही कमी रकमेचा. खरा दर १५.७ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जासोबत ठळक माहितीचे पत्रक देणे बंधनकारक आहे, त्यात शुल्कासकट हा खरा वार्षिक दर लिहावा लागतो.

सावकारी कर्जाला ते पत्रक नाही, पण कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली राज्य सरकारने कमाल दर ठरवून दिले आहेत : शेतकऱ्याला तारण कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८. हे दर वर्षाचे आहेत. बाजारात मात्र दर महिन्याचा बोलला जातो, ‘दोन टक्क्यांनी घेतले’ असा. दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला २४, आणि हा दर वरच्या चारही मर्यादांच्या पलीकडचा आहे. बाईंच्या साठ हजारांवर त्या दराने १०७ दिवसांचे व्याज ४,२२१ रुपये झाले असते.

व्याज भरताना पावतीवर तीन गोष्टी लिहून मागाव्यात : पैसे हातात मिळाल्याची तारीख, पैसे परत केल्याची तारीख आणि त्यामधले दिवस. उलट्या सूत्राने काढलेले दिवस या तारखांशी जुळले नाहीत, तर तिथल्या तिथे फोड करून मागावी. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर तक्रार आधी त्यांच्याकडे आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते. सावकार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जावे.